नव्या कॅम्पेनचं चाचणी बजेट किती ठेवायचं आणि निकाल कधी वाचायचा

नवं कॅम्पेन सुरू होतं, तिसऱ्या दिवसापर्यंत एकही विक्री दिसत नाही, चौथ्या दिवशी ते बंद केलं जातं. किंवा याच्या अगदी उलट होतं. पहिल्याच दिवशी दोन विक्री होतात, उत्साहाच्या भरात बजेट चौपट होतं आणि महिनाअखेरीस हिशोब तोट्यात दिसतो. दोन्ही वेळी चूक एकच असते. किती पैसे घालायचे, किती दिवस थांबायचं आणि कोणता आकडा दिसला की काय करायचं, हे सुरू करण्याआधी कुणी लिहून ठेवलेलं नसतं. मग रोजचा डॅशबोर्डच निर्णय घेऊ लागतो.

या लेखात एकच प्रकार शेवटपर्यंत सोडवला आहे: ऑनलाइन विकलं जाणारं एक उत्पादन, गूगल अ‍ॅड्सवरचं सर्च कॅम्पेन, आणि खात्यात आधीची काहीच माहिती नाही. रकमा मुद्दाम चलनाशिवाय दिल्या आहेत. तुमचे आकडे त्याच जागी घाला, हिशोबाची रीत बदलत नाही.

## टप्पा १: एका विक्रीमागे जाहिरातीला किती परवडतं, ते काढा

बजेटचा विचार "महिन्याला किती खर्च करू?" इथून सुरू केला तर पुढचं सगळं अंदाजपंचे होतं. सुरुवात विक्रीपासून करा. समजा वस्तूची किंमत २,००० आहे. त्यातून वस्तूचा खर्च, पॅकिंग, पोचवण्याचा खर्च, पेमेंट गेटवेचं शुल्क आणि परत येणाऱ्या मालाचं सरासरी नुकसान वजा केलं की ६०० उरतात. जाहिरातीवर एका विक्रीमागे ६०० गेले तर ना नफा ना तोटा. ही आपली मर्यादा. पुढचे सगळे आकडे हिच्यावरूनच निघतात.

लोक इथे परत येणारा माल धरायला विसरतात. शंभर ऑर्डरींतल्या दहा परत येत असतील, तर त्या दहांसाठीही क्लिकचे पैसे दिलेले असतात आणि वर पोचवण्याचा खर्चही झालेला असतो. हे न धरता काढलेली मर्यादा नेहमी फुगलेली असते.

आता क्लिकचा अंदाज घ्या. गूगलच्या कीवर्ड प्लॅनरमध्ये तुमच्या कीवर्डची बोली साधारण कुठून कुठपर्यंत जाते ते दिसतं. आपण क्लिकला १२ धरू. १२ भागिले ६०० म्हणजे २ टक्के. याचा अर्थ पेजवर येणाऱ्या शंभरांपैकी किमान दोघांनी खरेदी केली, तरच गणित जमतं.

तपासा: हा टक्का तुमच्या पेजला झेपणारा आहे का? सध्या इतर मार्गांनी येणाऱ्या लोकांपैकी ०.५ टक्केच खरेदी करत असतील आणि जाहिरातीला २ टक्के लागणार असतील, तर चाचणीत पैसे घालण्याआधी पेज, किंमत किंवा उत्पादनाची निवड बदला. ज्या प्रश्नाचं उत्तर कागदावर मिळतं, त्यासाठी क्लिक विकत घेऊ नका.

## टप्पा २: मोजणी आधी तपासा

स्वतः एक खरी ऑर्डर करून पाहा. जाहिरातीवरून येणाऱ्या माणसाचा रस्ता शक्य तितका जसाच्या तसा चाला: मोबाइलवर, डेटा पॅकवर, शेवटच्या "धन्यवाद" पेजपर्यंत. मग कन्व्हर्जन, म्हणजे आपण मोजायची ठरवलेली कृती, नोंदलं गेलं का ते पाहा. ते पेज पुन्हा लोड केल्यावर दुसरी विक्री नोंदली जाते का, हेही पाहा. जात असेल तर ऑर्डर क्रमांक कन्व्हर्जनसोबत पाठवण्याची सोय करून घ्या, म्हणजे एकच ऑर्डर दोनदा मोजली जाणार नाही.

दुसरी नेहमीची गडबड म्हणजे "कार्टमध्ये टाकलं", "पेज पाहिलं" आणि "खरेदी केली" या तिन्ही गोष्टी मुख्य कन्व्हर्जन म्हणून लावलेल्या असतात. मग अहवालात चाळीस कन्व्हर्जन दिसतात आणि बँकेत चारच विक्रीचे पैसे येतात. चाचणीसाठी मुख्य कन्व्हर्जन एकच ठेवा, ते म्हणजे खरेदी. बाकीच्या गोष्टी दुय्यम म्हणून नोंदवायला हरकत नाही.

इशारा: मोजणी चुकलेली असेल तर चाचणीचे सगळे पैसे वाया जातात, कारण नंतर ती माहिती दुरुस्त करता येत नाही. या टप्प्याला एक दिवस जास्त लागला तरी चालेल.

## टप्पा ३: बजेट विक्रीच्या संख्येवरून काढा

चाचणीत आपण माहिती विकत घेत असतो आणि ती माहिती विक्रीच्या संख्येत मोजली जाते. किती दिवस चालवलं किंवा किती हजार लोकांना जाहिरात दिसली, यावरून निर्णयाला फारसा आधार मिळत नाही. किती विक्री झाल्या, यावरून मिळतो.

याचं कारण योगायोग. ज्या कॅम्पेनमधून सरासरी दहा विक्री यायला हव्यात, त्यातून एका खेपेला सहा येतात, दुसऱ्या खेपेला चौदा. काहीही न बदलता. तुम्हाला दिसलेल्या विक्रीमागची खरी सरासरी साधारण कुठून कुठपर्यंत असू शकते, हे खालच्या तक्त्यात आहे. हा ९५ टक्के खात्रीचा पल्ला आहे.

| दिसलेल्या विक्री | खरी सरासरी या दरम्यान |
|---|---|
| ५ | २ ते १२ |
| १० | ५ ते १८ |
| ३० | २० ते ४३ |
| १०० | ८१ ते १२२ |

पाच विक्रीवरून निर्णय घेणारा माणूस काय करतोय, ते पहिल्या ओळीत दिसतं. खरा आकडा दोन असू शकतो आणि बाराही. म्हणजे एका विक्रीचा खर्च दुपटीहून जास्त चांगला किंवा दुपटीहून जास्त वाईट असू शकतो. शंभर विक्रीची चाचणी उत्तम, पण पहिल्याच खेपेला तेवढे पैसे क्वचितच कुणाकडे असतात. माझ्या मते नव्या कॅम्पेनसाठी ३० विक्री हा सुज्ञ मधला आकडा आहे. त्यातून बारीक फरक कळत नाहीत, पण "स्पष्ट तोटा", "स्पष्ट फायदा" आणि "अजून सांगता येत नाही" असे तीन ढीग वेगळे करता येतात.

मग बजेट असं निघतं: ३० गुणिले ६०० म्हणजे १८,०००. क्लिकला १२ धरले तर हे १,५०० क्लिक होतात.

एवढे पैसे नसतील तर? ९,००० घातले तर मर्यादेवर चालणाऱ्या कॅम्पेनमधून १५ विक्री अपेक्षित असतात, आणि १५ विक्री दिसल्या तरी खरी सरासरी ८ ते २५ मध्ये कुठेही असू शकते. अशी चाचणी निरुपयोगी नाही. कॅम्पेन पूर्णपणे फसलेलं आहे का, ते तिच्यातून कळेल. ते फायद्यात आहे का, ते मात्र कळणार नाही. ही मर्यादा मान्य करून चाचणी करायला हरकत नाही. पण अर्ध्या पैशांत पूर्ण उत्तर मागणं चुकीचं.

पैसे कमी असताना हमखास होणारी चूक म्हणजे तेवढ्याच पैशांत जास्त गोष्टी तपासणं. चार उत्पादनं, तीन प्रकारचे कीवर्ड, दोन लँडिंग पेजेस. १८,००० चे सहा भाग केले की प्रत्येकाच्या वाट्याला पाच विक्री येतात आणि आपण पुन्हा तक्त्याच्या पहिल्या ओळीत जाऊन बसतो. एक पेज २ टक्के लोकांना ग्राहक बनवतं आणि दुसरं ३ टक्के, एवढा मोठा फरक खात्रीने ओळखायलासुद्धा प्रत्येक पेजला साधारण ३,९०० क्लिक लागतात. आपल्याकडे एकूण १,५०० आहेत. म्हणून पहिली चाचणी एका उत्पादनाची, एका पेजची आणि खरेदीचा इरादा स्पष्ट दाखवणाऱ्या मोजक्या कीवर्डची असू द्या.

मेटावर, म्हणजे फेसबुक-इन्स्टाग्रामवर, हाच हिशोब जास्त महाग पडतो. तिथली यंत्रणा शिकण्याच्या टप्प्यातून बाहेर पडायला एका अ‍ॅड सेटला ७ दिवसांत साधारण ५० कन्व्हर्जन मागते. आपल्या मर्यादेनुसार ते आठवड्याला ३०,००० होतात. तेवढं झेपत नसेल तर अ‍ॅड सेट एकच ठेवा, आणि तरीही आकडा दूर राहत असेल तर खरेदीच्या आधीची पायरी लक्ष्य म्हणून निवडावी लागते. अशा वेळी यंत्रणा कार्ट भरणारी माणसं शोधून आणते. ती पैसे भरतीलच असं नाही.

## टप्पा ४: मुदत ठरवा

मुदतीचे दोन भाग असतात: पैसे खर्च होण्याचे दिवस आणि त्यानंतर नुसतं थांबण्याचे दिवस. दुसरा भाग जवळजवळ सगळेच विसरतात.

खर्चाचे दिवस पूर्ण आठवड्यांत मोजा. सोमवारी घेणारे आणि रविवारी घेणारे लोक वेगळे असतात, त्यामुळे दहा दिवसांच्या चाचणीत काही वार दोनदा येतात आणि काही एकदाच. दोन आठवडे ही कमीत कमी मुदत. तीन आठवडे असतील तर एखादा विचित्र आठवडा निकाल खाऊन टाकत नाही. आपण तीन घेऊ. १८,००० भागिले २१ म्हणजे रोज साधारण ८५०.

गूगल हे दैनंदिन बजेट सरासरी म्हणून वापरतं, हे लक्षात ठेवा. एखाद्या दिवशी त्याच्या दुपटीपर्यंत खर्च होऊ शकतो, आणि महिन्याला ३०.४ पटीच्या वर आकारणी होत नाही. एका दिवशी १,५०० गेले म्हणून घाबरू नका. पण २१ दिवसांचा एकूण खर्च मात्र स्वतः मोजत राहा, कारण गूगलची हमी महिन्याची आहे, तुमच्या तीन आठवड्यांची नाही.

आता थांबण्याचे दिवस. माणूस आज क्लिक करतो आणि चार दिवसांनी खरेदी करतो. गूगल अ‍ॅड्सच्या नेहमीच्या कन्व्हर्जन रकान्यात ती विक्री क्लिकच्या तारखेला जमा होते. म्हणून गेल्या चार-पाच दिवसांचे आकडे कायम वाईट दिसतात. त्यांच्या विक्री अजून यायच्या असतात. विक्री ज्या दिवशी झाली त्या दिवसावर पाहायची असेल तर `Conversions (by conv. time)` हा वेगळा रकाना आहे. पण चाचणीचा निकाल क्लिकच्या तारखेवरूनच वाचा, कारण खर्चही त्याच तारखेचा असतो.

किती दिवस थांबायचं? खात्यात थोड्या विक्री जमल्या की अहवालाला `Days to conversion` हा सेगमेंट लावा. बहुतेक विक्री किती दिवसांत येतात ते त्यात दिसतं. नव्या खात्यात ही माहिती नसते, तेव्हा साध्या, पटकन घेतल्या जाणाऱ्या वस्तूसाठी ७ दिवस धरा. विचार करून, घरात चर्चा करून घ्यायची महागडी वस्तू असेल तर जास्त, अगदी ३० दिवसांपर्यंतही. आपल्या उदाहरणात २१ अधिक ७, म्हणजे निकाल २८व्या दिवशी.

## टप्पा ५: थांबण्याचे नियम सुरू करण्याआधी लिहा

हा सगळ्यांत महत्त्वाचा टप्पा आहे आणि तो कागदावरच संपतो. दोन नियम लागतात.

पहिला नियम आणीबाणीचा: एकही विक्री नसेल तर कधी बंद करायचं? समजा कॅम्पेन बरोबर मर्यादेवर चालणारं आहे, म्हणजे सरासरी ६०० मागे एक विक्री. तरीही ६०० खर्च होऊन शून्य विक्री असण्याची शक्यता ३७ टक्के असते. १,२०० खर्चाला ती १३.५ टक्क्यांवर येते आणि १,८०० ला ५ टक्क्यांवर. म्हणून एका विक्रीच्या खर्चाएवढे पैसे गेले की बंद करणारे लोक दर तिसरं चालण्याजोगं कॅम्पेन मारत असतात. मर्यादेच्या तिप्पट खर्चापर्यंत शून्य विक्री असेल, तर मात्र बंद करायला सबळ कारण आहे. कॅम्पेन खरोखर चांगलं असेल, समजा ३०० ला एक विक्री देणारं, तर १,८०० खर्चूनही शून्य राहण्याची शक्यता पाव टक्काच उरते. म्हणजे हा नियम चांगल्या कॅम्पेनला सहसा धक्का लावत नाही.

यात एक खाच आहे, आणि ती उशिराच्या विक्रीची. १,८०० तर दोन दिवसांतच खर्च होतात, तेव्हा त्या क्लिकच्या निम्म्या विक्री अजून वाटेत असतात. निम्म्याच आल्या असतील असा अंदाज असेल, तर तिप्पटीऐवजी सहापट धरा, म्हणजे ३,६००. हा आकडा चौथ्या-पाचव्या दिवशी येतो. ज्या वस्तूच्या विक्री आठवड्याने येतात, तिच्यासाठी पहिल्या आठवड्याचं दैनंदिन बजेटच कमी ठेवा. नाहीतर नियम लागू होईपर्यंत निम्मे पैसे गेलेले असतात.

दुसरा नियम शेवटच्या निकालाचा. १८,००० खर्चावर मर्यादेच्या हिशोबाने ३० विक्री अपेक्षित आहेत. योगायोगाचा पल्ला धरून कागदावर असं लिहा:

- १९ किंवा कमी विक्री: स्पष्ट तोटा. बंद.
- ४२ किंवा जास्त: स्पष्ट फायदा. बजेट वाढवा.
- २० ते ४१: सांगता येत नाही. दुरुस्त्या करून दुसरी खेप.

मधला पट्टा केवढा रुंद आहे, ते पाहा. पहिल्या चाचणीत बहुतेक कॅम्पेन त्यातच पडतात, आणि त्यात काही वावगं नाही.

इशारा: "एका विक्रीचा खर्च ६०० च्या वर गेला की बंद" असा नियम लावून रोज डॅशबोर्ड उघडू नका. सुरुवातीच्या दिवसांत हा आकडा वरखाली उसळतोच. रोज पाहणारा माणूस कधी ना कधी तो ६०० च्या वर पाहणारच, आणि चांगलं कॅम्पेनही बंद करून बसणार.

## टप्पा ६: सेटिंग

इथे थोडक्यात. कॅम्पेन बनवताना डिस्प्ले नेटवर्क आणि सर्च पार्टनर बंद करा, नाहीतर चाचणी कशाची झाली तेच कळणार नाही. ठिकाणाच्या पर्यायात त्या भागात असलेले लोकच निवडा. आपोआप निवडलेला पर्याय त्या भागात रस दाखवणाऱ्या बाहेरच्या लोकांनाही घेतो. गूगलच्या सूचना आपोआप लागू होण्याची सोय बंद ठेवा.

बोलीच्या पद्धतीवर मतं वेगळी आहेत. विक्रीचा इतिहास शून्य असलेल्या खात्यात मी पहिल्या खेपेला जास्तीत जास्त क्लिक हा पर्याय आणि त्यावर क्लिकची कमाल बोली लावणं पसंत करतो. टार्गेट सीपीए, म्हणजे एका विक्रीचं लक्ष्य, पहिल्याच दिवशी मनासारखं कमी लावलं तर बऱ्याचदा जाहिरात दाखवलीच जात नाही. मग तीन आठवड्यांनी हातात ४० क्लिक आणि एक तक्रार एवढंच उरतं.

## टप्पा ७: पहिले तीन दिवस

या दिवसांत एकच प्रश्न विचारायचा: यंत्र चालू आहे का? जाहिराती मंजूर झाल्या का, पैसे खर्च होतायत का, पेज उघडतंय का, क्लिक भलत्याच भागातून येत नाहीत ना, लोकांनी प्रत्यक्ष काय शोधलं ते दाखवणाऱ्या सर्च टर्म्सच्या अहवालात उघडच चुकीचे शोध दिसतायत का. यातलं काही बिघडलं असेल तर ताबडतोब दुरुस्त करा. निकालाची वाट पाहायची म्हणजे तुटलेलं पेजही तसंच ठेवायचं, असा अर्थ कुणी काढू नये.

विक्रीच्या रकान्याकडे मात्र या दिवसांत पाहायचं नाही. अपवाद एकच: खर्च आणीबाणीच्या आकड्यापर्यंत पोचला आणि विक्री शून्य असेल तर. तेव्हाही बंद करण्याआधी एक ऑर्डर पुन्हा स्वतः करून पाहा. शून्य विक्रीचं कारण बऱ्याचदा मोजणीत किंवा पेमेंटच्या पानावर सापडतं.

तपासा: रोजचा खर्च ८५० च्या खूपच खाली, समजा २०० वर अडकला आहे का? तसं असेल तर बोली कमी आहे किंवा कीवर्ड फार अरुंद आहेत. ते आत्ताच सोडवा आणि चाचणीचा पहिला दिवस नव्याने मोजायला घ्या.

## टप्पा ८: मधले दिवस

चौथ्या ते एकविसाव्या दिवसात आठवड्यातून एकदा सर्च टर्म्स पाहा आणि विषयाशी संबंध नसलेले शोध निगेटिव्ह कीवर्ड म्हणून घाला, म्हणजे त्यांच्यावर जाहिरात दिसणार नाही. बजेट, बोलीची पद्धत, लँडिंग पेज आणि किंमत यांना हात लावू नका. ते बदललं की आधीचे आणि नंतरचे आकडे एकत्र जोडता येत नाहीत, आणि ३० विक्रीची चाचणी १५-१५ च्या दोन अर्धवट चाचण्या होऊन बसते.

बदल करावाच लागला, जसं की वस्तूचा साठा संपला, तर तारीख आणि कारण लिहून ठेवा. महिन्याभराने आकड्यातला खड्डा पाहून कुणालाही आठवत नाही की त्या दिवशी काय झालं होतं.

## टप्पा ९: निकाल वाचणं, एका उदाहरणातून

आपलं कॅम्पेन असं चाललं, असं धरू. क्लिक १२ ऐवजी १३ ला पडला. सातव्या दिवशी ५,९५० खर्च आणि ५ विक्री दिसतायत. एका विक्रीला १,१९०, म्हणजे मर्यादेच्या जवळजवळ दुप्पट. इथे बरेच जण हात वर करतात. पण विक्री शून्य नाही, त्यामुळे आणीबाणीचा नियम लागू होत नाही, आणि शेवटच्या निकालाची वेळ अजून आलेली नाही. म्हणून काहीच करायचं नाही.

एकविसाव्या दिवशी एकूण खर्च १७,९४० आणि विक्री २२. पहिल्या आठवड्याच्या क्लिकवर आता ५ ऐवजी ८ विक्री जमा आहेत. अठ्ठाविसाव्या दिवशी, एकही नवा पैसा न घालता, एकूण आकडा २७ झालेला असतो. एका विक्रीचा खर्च ६६४. हा आकडा पहिल्या आठवड्यातल्या १,१९० पासून किती दूर आहे पाहा, आणि मधल्या काळात आपण कॅम्पेनला हातही लावलेला नाही.

(इथे सात दिवस जाहिरात थांबवली आहे. हिशोब स्वच्छ राहतो, पण विक्री चालू असताना थांबणं कुणाला नको असेल तर जाहिरात चालू ठेवा आणि फक्त पहिल्या २१ दिवसांच्या तारखा निवडून अहवाल वाचा.)

२७ म्हणजे मधला पट्टा. आता आत डोकवायचं. सर्च टर्म्समध्ये दिसतं की ४,१०० रक्कम "कसं दुरुस्त करायचं", "सुटे भाग" अशा प्रकारच्या शोधांवर गेली आणि त्यांच्यावर एकही विक्री नाही. ही रक्कम मर्यादेच्या जवळजवळ सातपट आहे, आणि दुरुस्ती शोधणारा माणूस नवी वस्तू का घेत नाही, याचं सरळ कारणही समोर आहे. आकडा आणि कारण दोन्ही जुळतायत, म्हणून हे शोध काढून टाका. गूगल सगळे शोध अहवालात दाखवत नाही, त्यामुळे दिसतात तेवढेच काढता येतील.

ते वगळले तर उरलेल्या १३,८४० मध्ये २७ विक्री, म्हणजे एकीला ५१३. झालं फायद्यात? अजून नाही. निकाल पाहून मग वाईट भाग वगळला की उरलेला भाग नेहमीच असतो त्यापेक्षा सुंदर दिसतो. याच मोहात लोक पुढे जातात: मंगळवार वाईट गेला म्हणून मंगळवार बंद, एका वयोगटाकडून विक्री आली नाही म्हणून तो बंद. प्रत्येक तुकड्यावर खर्च जेमतेम एका-दोन विक्रीइतका झालेला असतो, त्यामुळे तिथलं शून्य निव्वळ योगायोगाचं असू शकतं. तुकड्यावर मर्यादेच्या किमान तिप्पट खर्च झाला असेल आणि आकडे न बघताही पटेल असं कारण असेल, तरच तो काढा.

## टप्पा १०: दुसरी खेप आणि बजेट वाढवणं

दुरुस्त केलेलं कॅम्पेन त्याच ८५० च्या दैनंदिन बजेटवर आणखी दोन आठवडे चालवा आणि पुन्हा सात दिवस थांबा. समजा ११,९०० मध्ये २२ विक्री आल्या. एकीला ५४१. पहिल्या खेपेच्या ५१३ पेक्षा थोडं वाईट, आणि ते तसंच अपेक्षित होतं. मर्यादेच्या आत मात्र आहे.

काटेकोर हिशोबाने हाही पक्का पुरावा नाही. ११,९०० ला मर्यादेवर सुमारे २० विक्री येतातच, आणि २० व २२ मधला फरक योगायोगातही बसतो. पण आता निर्णयाची किंमत बदललेली असते. कॅम्पेन मर्यादेच्या आसपास आहे, त्यामुळे ते चालू ठेवण्यात फार काही बुडत नाही आणि दर आठवड्याला माहिती जमा होत राहते. म्हणून चालू ठेवा, पण बजेट लगेच दुप्पट करू नका. हाताशी पुरेशा विक्री जमल्या की बोलीची पद्धत विक्रीवर आधारित करता येईल. तो बदलही एकटाच करा, बजेट वाढवण्याच्या आठवड्यात नको.

वाढवताना फक्त वरच्या पैशांचा हिशोब वेगळा पाहा. रोजचे ८५० वरून १,१०० केले तर आठवड्याला १,७५० जास्त जातात, आणि मर्यादेच्या हिशोबाने त्यातून जेमतेम तीन जास्त विक्री यायला हव्यात. आठवड्याला अकरा विक्री येणाऱ्या कॅम्पेनमध्ये तीनचा फरक एका आठवड्यात ओळखता येत नाही. म्हणून वाढीनंतर किमान चार आठवडे आणि वर उशिराच्या विक्रीचे सात दिवस द्या. मगच पुढची वाढ करायची, की पहिल्या आकड्यावर परत यायचं, ते ठरवा.